जानेवारी कोणत्या वर्षाचा? दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटच्या फायलींना नावं देण्याची पद्धत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चार-पाच टॉवेल कारखान्यांची हिशेबाची कामं मी बघते. सीसी लिमिट असलेल्या प्रत्येकाला दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं: सूत किती, बीमवर किती, तयार माल किती, येणेकरी किती. त्यावरून बँक डीपी काढते, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्षात किती उचलता येईल ते.

एका कारखान्यातून फेब्रुवारीत बँकेला स्टेटमेंट गेलं ते जानेवारीचंच होतं, पण आदल्या वर्षाच्या जानेवारीचं. फाईलचं नाव `January stock final.xlsx`. आतलं शीर्षक 'जानेवारी अखेरचा साठा', वर्षाचा पत्ता नाही. पाठवणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, "अवो ताई, आकडे बघूनच पाठिवलं की!" तो खोटं बोलत नव्हता. गड्ड्याच्या जत्रेमुळे आमच्याकडे दर जानेवारीत उत्पादन खाली येतं. दोन्ही वर्षांचा जानेवारी सारखाच अशक्त दिसत होता, म्हणून आकडे त्याला पटले. पकडलं ते बँकेतल्या बाईंनी. डिसेंबरअखेर तयार टॉवेल 9,400 किलो होते, मग जानेवारीच्या सुरुवातीला 7,150 कसे?

ही चूक मी वेगवेगळ्या ऑफिसांत इतक्यांदा पाहिली आहे की आता पूर्ण पद्धतच लिहून काढते. उदाहरण स्टॉक स्टेटमेंटचं आणि महिना जानेवारी 2026चा घेते. उत्पादन अहवाल असो की पगारपत्रक, क्रम हाच राहतो.

## 1. आधी कागदावर: 'महिना' म्हणजे कोणता ते ठरवा

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधीचं काम हे आहे आणि बहुतेक घोटाळा इथेच जन्माला येतो. एका स्टेटमेंटला तीन तारखा चिकटलेल्या असतात. आकडे जानेवारीचे, फाईल बनली 4 फेब्रुवारीला, बँकेत गेली 9 फेब्रुवारीला. कुणी फाईलला `Feb` नाव देतो, कारण फेब्रुवारीत केली. कुणी `Jan` देतो. एकाच फोल्डरमध्ये दोघांच्या फायली बसल्या की `Feb` नावाच्या दोन फायली होतात, एकीत जानेवारीचे आकडे आणि दुसरीत फेब्रुवारीचे.

नियम एकच ठेवा: नावात येतो तो आकड्यांचा महिना. बनवल्याची किंवा पाठवल्याची तारीख नावात येणार नाही. ती हवीच असेल तर फाईलच्या आत एका रकान्यात लिहा.

बोलण्यातही हेच पाळावं लागतं. 'मागच्या महिन्याची फाईल पाठव' असा निरोप 31 जानेवारीला दिला तर तो डिसेंबर, आणि समोरच्याने 1 फेब्रुवारीला वाचला तर जानेवारी. आमच्या ऑफिसात आता 'सव्वीस-शून्य-एक पाठव' असंच म्हणतात. पहिले आठ दिवस हसायला येतं, नंतर सवय होते.

तपासा: नियमित जाणाऱ्या अहवालांची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'आकडे कोणत्या कालावधीचे' ते लिहा. आठवड्याचा अहवाल असेल तर आठवडा संपल्याची पूर्ण तारीख घ्या. तिमाही असेल तर `Q4` लिहू नका. आपल्या आर्थिक वर्षात ती जानेवारी ते मार्च आणि बाहेरगावच्या पार्टीच्या कॅलेंडरात ऑक्टोबर ते डिसेंबर. `2026-01-te-03` असे महिनेच लिहा.

## 2. नावाचा साचा

```
2026-01_StockStmt_v01.xlsx
```

आधी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग अहवालाचं ठरलेलं नाव, शेवटी आवृत्ती.

महिन्याचं नाव अक्षरांत का नको? फायली नावाप्रमाणे लावल्या की `April` नंतर `August` येतो, मग `December`, मग `February`. मार्च शोधताना नजर वरखाली फिरते आणि घाईत शेजारच्या फाईलवर क्लिक पडतं. `2026-01` लिहिलं की सगळे महिने ओळीने लागतात. दोन अंक न चुकता लिहा, `2026-1` नको.

आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं म्हणून एप्रिलला `01` देणारेही मी पाहिलेत. तसं करू नका. तुम्हाला ते लक्षात राहील, पण दिवाळीच्या सुट्टीत तुमची फाईल उघडणाऱ्याला `01` म्हणजे जानेवारीच वाटणार.

`Jan-26` हेही टाळा. ते जानेवारी 2026 आहे की 26 जानेवारी, हे नुसतं बघून कळत नाही. आणि `01/2026` विंडोज घेणारच नाही, कारण फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही.

महिना सुरुवातीला ठेवण्याचं कारण साधं आहे. मालक फाईल मोबाईलवर बघतात आणि लांब नाव तिथे अर्धंच दिसतं. जे चुकलं तर महागात पडतं ते आधी दिसलं पाहिजे. कारखान्याचं नाव फाईलच्या नावात घालायचं की नाही, हे तुमच्याकडे किती कारखाने आहेत त्यावर. मी चार-पाच जणांचं काम बघते, म्हणून महिन्याच्या मागोमाग दोन अक्षरी खूण घालते.

नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, मोकळी जागा सोडू नका. मराठी नाव विंडोजमध्ये चालतं, पण शोधताना कीबोर्ड बदलावा लागतो, आणि 'स्टॉक' आणि 'स्टाॅक' डोळ्यांना एक दिसले तरी कॉम्प्युटरला वेगळे असतात.

सावधान: वर्ष फोल्डरवर आहे म्हणून फाईलच्या नावातून गाळू नका. फाईल व्हॉट्सॲपवर गेली की फोल्डर मागेच राहतो. आमची जानेवारीची फसगत नेमकी याच वाटेने झाली. शिवाय वेगळ्या फोल्डरमधल्या पण एकाच नावाच्या दोन फायली एक्सेल एका वेळी उघडत नाही, म्हणजे दोन वर्षांचे जानेवारी शेजारी ठेवून ताडून बघायची सोयही जाते.

## 3. फोल्डर: वर्ष, महिना आणि आत तीन कप्पे

```
Stock-Statement
   _KORA
   2024-25
   2025-26
      2025-12
      2026-01
         1-Aalela
         2-Kaam
         3-Pathavlela
```

वरचा फोल्डर आर्थिक वर्षाचा, आतला महिन्याचा. आर्थिक वर्षात `2025-04` ते `2026-03` आपोआप ओळीने बसतात.

`1-Aalela` मध्ये बाहेरून आलेलं सगळं जातं: गोडाऊनची सुताची मोजणी, टॅलीतून काढलेली स्टॉक समरी, येणेकऱ्यांची यादी. एक्स्पोर्ट केलेल्या फाईलला दर महिन्याला तेच नाव येतं, म्हणून ती बाहेर पडताच नाव बदलून इथे टाका. 'नंतर करू' म्हटलं की पुढच्या महिन्याची फाईल तिच्यावरच चढते. या कप्प्यातल्या फायलींत दुरुस्ती करायची नाही. आकडा चुकलाय असं वाटलं तर गोडाऊनकडून नवीन मागवा.

`2-Kaam` मध्ये चालू काम. `3-Pathavlela` मध्ये फक्त बँकेत गेलेलं. 'बँकेला काय दिलं होतं?' असं कुणी विचारलं तर उत्तर या शेवटच्या कप्प्यातूनच द्यायचं. `2-Kaam` मधली सगळ्यात मोठ्या आकड्याची आवृत्ती ही गेलेलीच असेल असं नाही.

फोल्डरांची नावं आटोपशीर ठेवा. फोल्डरांसकट फाईलचा पूर्ण पत्ता 218 अक्षरांच्या पलीकडे गेला की एक्सेल फाईल उघडायला कुरकुर करतं. कारखान्याचं 'प्रायव्हेट लिमिटेड'सह पूर्ण नाव तीन पायऱ्यांवर लिहिणाऱ्यांना हा अनुभव येतो.

## 4. नवीन महिना कोऱ्या साच्यातून

सगळ्यात मोठी वाईट सवय: डिसेंबरची फाईल उघडायची, आकडे बदलायचे आणि मग 'सेव्ह ॲज' करायचं. मध्येच फोन येतो, हात सवयीने कंट्रोल-एस दाबतो, आणि डिसेंबरच्या नावाखाली जानेवारीचे अर्धे आकडे बसतात. दुसरा तोटा उशिरा दिसतो. एखादा रकाना बदलायचा राहतो आणि डिसेंबरचा आकडा जानेवारीत गुपचूप राहून जातो. रिकामा रकाना नजरेत येतो, जुना आकडा येत नाही.

म्हणून सूत्रं आणि मथळे असलेली, पण आकडे नसलेली एक फाईल करा, ती एक्सेल टेम्पलेट म्हणून `.xltx` प्रकारात सेव्ह करा आणि `_KORA` मध्ये ठेवा. तिच्यावर डबल क्लिक केलं की नवीन, बिननावाची फाईल उघडते आणि मूळ साचा शाबूत राहतो. एक्सेलच्या 'ओपन' मधून उघडली तर मात्र मूळ साचाच उघडतो, तेवढं सांभाळा.

आता जानेवारीचा क्रम असा:

1. `2025-26` मध्ये `2026-01` फोल्डर आणि आतले तीन कप्पे करा.
2. कोऱ्या साच्यावर डबल क्लिक करा.
3. एकही आकडा भरण्याआधी `2-Kaam` मध्ये `2026-01_StockStmt_v01.xlsx` या नावाने सेव्ह करा.
4. महिन्याच्या खान्यात 01-01-2026 भरा (हा खाना पुढच्या पायरीत).
5. डिसेंबरच्या `3-Pathavlela` मधली फाईल उघडा. तिथला अखेरचा साठा कॉपी करून इथे सुरुवातीच्या साठ्यात 'पेस्ट स्पेशल', 'व्हॅल्यूज' करा. शेजारच्या खान्यात ज्या फाईलमधून उचलला तिचं नाव लिहा.

पाचव्या पायरीत दोन फायली सूत्राने जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही. उद्या कुणी डिसेंबरच्या फाईलचं नाव बदललं की दुवा तुटतो. आणि जानेवारीची फाईल कॉपी करून कुणी फेब्रुवारीची केली, तर फेब्रुवारीचा सुरुवातीचा साठाही डिसेंबरकडेच बोट दाखवत बसतो.

तपासा: डिसेंबरअखेर 9,400 किलो, तर जानेवारीच्या सुरुवातीला 9,400च. एक किलोचा फरक असला तरी थांबा. बँकेतल्या बाईंनी केलं ते हेच, आणि आपल्या टेबलावर त्याला अर्धा मिनिट लागतो.

## 5. फाईलच्या आत महिना एकाच जागी

नाव बरोबर असलं तरी आत शीर्षक जुनंच राहू शकतं. म्हणून महिना फक्त एका खान्यात हाताने भरायचा, समजा `B1` मध्ये, आणि बाकी सगळीकडे तो सूत्राने येऊ द्यायचा. खान्याचा फॉरमॅट `yyyy-mm` ठेवा. नाहीतर कुणी तिथे `2026-01` टाइप केलं की एक्सेल `Jan-26` दाखवेल.

छापून जाणारं शीर्षक:

```
="स्टॉक स्टेटमेंट, दि. "&TEXT(EOMONTH(B1,0),"dd-mm-yyyy")&" अखेर"
```

यातून 'दि. 31-01-2026 अखेर' असं येतं. फेब्रुवारीचे 28 की 29, हेही ते स्वतःच बघतं.

दुसरं सूत्र फाईलचं नाव आणि हा खाना जुळतो का ते बघतं. ते वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात ठेवा:

```
=IF(ISNUMBER(SEARCH(TEXT($B$1,"yyyy-mm"),
 CELL("filename",$A$1),
 FIND("[",CELL("filename",$A$1)))),
 "बरोबर","महिना तपासा")
```

फाईलचं नाव एक्सेल चौकोनी कंसात देतं. कंसाच्या पुढेच शोधायला सांगितलंय, कारण फोल्डरच्या नावातही `2026-01` आहे. नाहीतर चुकीच्या नावाची फाईल बरोबर फोल्डरमध्ये असली तरी 'बरोबर' आलं असतं.

याच्या दोन मर्यादा आहेत. व्हॉट्सॲप किंवा मेलवरून आलेली फाईल आधी 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडते. 'एनेबल एडिटिंग' दाबेपर्यंत सूत्र नव्याने चालत नाही, त्यामुळे दिसणारा शेरा जुना असतो. आणि गुगल शीट्समध्ये हे सूत्र चालत नाही. तिथे शीर्षकाचं सूत्र ठेवा आणि नाव डोळ्यांनी ताडा.

आतल्या शीटना मजकुराची नावं द्या: `Sut`, `Beam`, `Tayar`, `Yenekari`. नाव जास्तीत जास्त 31 अक्षरांचं चालतं. महिन्याच्या फाईलमध्ये शीटवर पुन्हा महिना लिहायची गरज नाही, बदलायची आणखी एक जागा वाढते. वर्षभराचा गोषवारा असलेल्या फाईलमध्ये मात्र शीटला `2026-01` असं महिन्याचंच नाव लागतं. तिथे शीट कॉपी केल्यावर एक्सेल तिला `2025-12 (2)` असं नाव देतं. ते त्याच क्षणी बदला, आणि गोषवाऱ्यातली जानेवारीची ओळ खरोखर नव्या शीटमधून आकडा घेते का, ते खान्यावर क्लिक करून बघा. ती बहुधा अजून डिसेंबरचाच घेत असते.

## 6. आवृत्ती कधी वाढवायची

`final`, `final2`, `new final`, `final OK` या नावांबद्दल जास्त लिहीत नाही, प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर ती आहेत. `v01`, `v02` असं लिहा. पण आवृत्ती वाढवायची केव्हा, हेच लोकांना नीट ठरवता येत नाही. दर तासाला वाढवली तर `v17` होतं आणि कुणालाच काही कळत नाही.

माझा ठोकताळा असा: फाईल दुसऱ्याच्या हातात गेली की माझ्या पुढच्या बदलाला नवीन आकडा. `v01` मालकांना दाखवली. त्यांनी सांगितलं की 90 दिवसांच्या वरचे येणेकरी वेगळे काढा, कारण बँक ते डीपीत धरत नाही. तो बदल `v02` मध्ये. दिवसभर मी एकटी भरत बसले तर ती `v01`च राहते. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते `Nond` नावाच्या शीटवर एका ओळीत: आकडा, तारीख, कुणी, काय.

गुगल शीट्समध्ये काम असेल तर प्रती काढूच नका. फाईल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी'मध्ये चालू आवृत्तीला नाव देता येतं. तिथे `v01 malkanna dakhavla` असं लिहून ठेवा. 'मेक अ कॉपी' केलं की `Copy of` लागलेली फाईल तयार होते आणि अर्धे लोक एकीत, अर्धे दुसरीत भरत राहतात.

सावधान: 'शेवटची बदललेली तारीख' बघून ताजी आवृत्ती निवडू नका. कुणी `v01` सहज उघडून सेव्ह केली तरी ती तारखेने `v02` च्या वर येते.

तितकाच फसवा तो `(1)`. मालकांनी दुरुस्त करून परत पाठवलेली फाईल डाउनलोड केली आणि तिथे त्याच नावाची आधीची पडलेली असेल, तर नवीन फाईल `2026-01_StockStmt_v02 (1).xlsx` होते. माणूस स्वच्छ नावाची उघडतो, म्हणजे जुनी. डाउनलोड्समध्ये काम करायचंच नाही. आलेली फाईल लगेच `v03` नाव देऊन `2-Kaam` मध्ये न्या आणि डाउनलोड्समधल्या दोन्ही काढून टाका.

## 7. पाठवणं, आणि परत आलं तर

मालकांनी होकार दिला की शेवटच्या आवृत्तीची प्रत `3-Pathavlela` मध्ये करा आणि `v` काढून `S` लावा:

```
2026-01_StockStmt_S1.xlsx
2026-01_StockStmt_S1.pdf
```

`S1` म्हणजे बँकेत पहिल्यांदा गेलेलं. एक्सेल फाईलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'वर खूण करा. ठरवून बदलणाऱ्याला ती अडवत नाही, पण सवयीच्या कंट्रोल-एसला अडवते, आणि इथे धोका सवयीचाच आहे.

पाठवण्याआधी पीडीएफ उघडून तीन गोष्टी मोठ्याने वाचा: फाईलच्या नावातला महिना, शीर्षकातली तारीख, सुरुवातीचा साठा. शेजारच्याने डिसेंबरची `S` फाईल उघडून तिचा अखेरचा साठा वाचायचा. तिन्ही जुळले तरच पाठवा. जोडताना मोबाईलमधल्या 'रिसेंट' यादीतून फाईल उचलू नका. फोल्डरमधून घ्या.

बँकेने दुरुस्ती मागितली तर `S1` ला हात लावायचा नाही. `2-Kaam` मध्ये पुढची `v` काढा, दुरुस्ती करा आणि `S2` म्हणून नवीन प्रत ठेवा. `S1` पुसू नका, बँकेकडे ती आहेच. फेब्रुवारीचा सुरुवातीचा साठा आता `S2` मधून घ्यायचा. फेब्रुवारीची फाईल आधीच सुरू झाली असेल तर तिथला आकडा आणि शेजारी लिहिलेलं फाईलचं नाव दोन्ही बदला. ही जागा हमखास विसरली जाते.

## 8. जुन्या ढिगाचं काय

सगळ्या जुन्या फायलींची नावं एका दिवसात बदलायला बसू नका. जुन्या फायली सूत्रांनी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि नाव बदललं की दुवे तुटतात. आधी एक्सेलच्या 'डेटा' मेनूत 'एडिट लिंक्स' बघा (नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स'). तिथे दुसऱ्या फाईलचं नाव दिसलं तर त्या दोन्हींना हात लावू नका.

चालू आर्थिक वर्षाचे महिने मात्र नवीन पद्धतीत आणा, पण जुन्या नावावर विश्वास ठेवून नव्हे. प्रत्येक फाईल उघडा, अखेरचा साठा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीशी जुळवा आणि मगच नाव द्या. आमच्याकडे हे करताना `July final` मध्ये जूनचे आकडे निघाले, आणि `stock new` नावाच्या दोन फायलींचा महिना शेवटपर्यंत लागलाच नाही. त्या दोन्ही `_Olakh-nahi` नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत.